पत्रकातला सातवा प्रश्न

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना मी कुठं शूरपणा केला असं कुणाला वाटायला नको. लोणावळ्याच्या घरातून निघताना गॅस बंद केला का हे मी दोनदा बघते, आणि स्टेशनावर पोहोचल्यावर तिसऱ्यांदा आठवते. अशा बाईनं एकवीस वर्षं सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ कामशेतच्या शाखेत, हाच मुळात एक विनोद आहे.

आमच्या शाखेत बहुतेक सगळा व्यवहार भाताच्या व्यापाऱ्यांचा, दुकानदारांचा आणि पगारदारांचा. पण गेल्या काही वर्षांत दैनंदिन ठेव घेणारी माणसं वाढली. या योजनेला सगळे पिग्मी म्हणतात. बँकेचा एजंट रोज दारात येतो, पन्नास, शंभर जे असेल ते घेतो, हातातल्या यंत्रातून पावती काढून देतो. भाज्याला लेण्यांच्या पायऱ्यांपाशी ताक, काकडी, लिंबू सरबत विकणाऱ्या बायकांनी अशी खाती उघडली होती. बँकेत खातं काढायची त्यांची पहिलीच वेळ. त्याआधी पैसा तांदळाच्या डब्यात असायचा.

त्यातली एक बाई तिसऱ्याच महिन्यात खातं बंद करायला आली. सात हजार भरले होते, हातात सहा हजार सातशे नव्वद पडले. तिनं ते दोनदा मोजले, मग काउंटरवर ठेवले आणि मला विचारलं, "म्याडम, माजं दोनशे दहा कुनी घेतलं?"

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. मी ड्रॉवरमधून योजनेचं पत्रक काढून तिला दाखवलं. त्यात लिहिलं होतं: 'मुदतपूर्व खाते बंद केल्यास बँकेच्या प्रचलित नियमांनुसार सेवाशुल्काची आकारणी करून उर्वरित रक्कम अदा करण्यात येईल व सदर कालावधीकरिता व्याज अनुज्ञेय असणार नाही.' खाली तिची सही होती, अर्जावर, 'नियम व अटी वाचल्या व समजल्या' याच्यापुढं. सही म्हणजे नावाची चार अक्षरं, प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीचं. अर्ज मीच भरून घेतला होता आणि सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून दिली होती.

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. तासभर बसली होती. मी काचेतून तिची पाठ बघत होते आणि मला भीती वाटत होती, की ही आता आत येऊन ओरडेल. ती नुसतीच उठून गेली.

त्या दिवशी मी शाखाधिकाऱ्यांना म्हटलं, हे पत्रक मला पुन्हा लिहू द्या. आमचे शाखाधिकारी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तळेगावचे, कामाला चोख, पण मुख्य कार्यालयाचा फोन वाजला की खुर्चीतल्या खुर्चीत उठून बसणारे. ते म्हणाले, "लिहा. पण अर्थ बदलू नका. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मान माझी जाईल." मुख्य कार्यालयानंही परवानगी दिली, कारण तक्रार वरपर्यंत गेली तर काय, ही भीती तिथंही होती. म्हणजे ते पत्रक जन्मालाच भीतीतून आलं.

तीन आठवडे मी ते लिहीत होते. 'अनुज्ञेय' काढणं सोपं होतं. अवघड होतं ते वेगळंच. सहा महिन्यांच्या आत खातं मोडलं तर शंभरामागे तीन रुपये कापतात आणि व्याज शून्य. सहा महिने झाल्यावर पण वर्षाच्या आत मोडलं तर काही कापत नाहीत, पण व्याज दोनच टक्के. पुरं वर्ष ठेवलं तर साडेतीन टक्के. हे तीन वाक्यांत मावतं. मग एवढी वर्षं आम्ही ते का लपवून ठेवलं होतं, हा प्रश्न मला लिहिता लिहिता पडला, आणि त्याचं उत्तर मी पत्रकात लिहू शकत नव्हते. जो एजंट उन्हातान्हात दारोदार फिरतो त्याचं कमिशन बँक पहिल्या दिवसापासून देते. माणूस लवकर मोडून गेला तर ते कमिशन त्याच्याच पैशांतून वसूल होतं. यात चोरी नाही, पण सांगायला लाज वाटावी एवढं नक्की आहे. मी ते कारणही एका ओळीत लिहिलं.

सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडलं. रोज किती भरायचे? एखाद्या दिवशी नाही भरले तर? पावती मिळाली नाही तर काय करायचं? मध्येच पैसे लागले तर? वर्ष पुरं झालं की किती मिळतील? माझ्या मागं पैसे कुणाला मिळतील? असे सहा प्रश्न झाले. सातवा मी घातला. 'बँक बंद पडली तर?'

शाखाधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि सातव्यावर बोट ठेवलं. "हे काढा."

"विम्याची माहिती आहे ती, साहेब. ठेवीदाराला कळायला हवी."

"माहिती आहे, पण असा प्रश्न का? लग्नाच्या पत्रिकेत कुणी घटस्फोटाचे नियम छापतं का?"

त्यांचं म्हणणं मला पटत होतं. तरी मी हटून बसले. मी भित्री असूनही त्या एका ओळीसाठी भांडले याला कारण आहे. माझ्या वडिलांनी निवृत्तीचे सगळे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते, कारण तिथं अर्धा टक्का जास्त मिळत होता आणि चेअरमन ओळखीचा होता. ती संस्था बुडाली. पतसंस्थेतल्या ठेवीला सहकारी बँकेसारखं विम्याचं संरक्षण नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्यांत मी असायला हवी होते. तेव्हा मी बँकेत नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. वडील पुढं सहा वर्षं जगले आणि दर सोमवारी त्या संस्थेच्या बंद शटरपर्यंत चालत जाऊन यायचे. परत आले की मी चहा ठेवायचे.

तेव्हा सातवा प्रश्न राहिला. उत्तर मी असं लिहिलं: 'एका माणसाचे या बँकेच्या सगळ्या शाखांमधले सगळ्या खात्यांतले पैसे एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाख रुपयांपर्यंत विमा असतो. या विम्याचा हप्ता बँक भरते, तुम्हाला भरावा लागत नाही.' यात एक अक्षर खोटं नव्हतं.

छापण्याआधी मी ते भाज्याला घेऊन गेले. पायरीवर बसलेल्या त्या बाईची जाऊ तिथंच ताक विकायची. दोघींनी खाती बरोबर उघडली होती. जावेचं पाहूनही हिनं खातं चालू ठेवलं होतं. तिला थंडीची पेटी घ्यायची होती, तीच, ज्यात बर्फाशिवाय ताक गार राहतं. रोज कामशेतहून बर्फ आणायचा, तो मळवली स्टेशनापर्यंत निम्मा वितळायचा आणि शनिवार-रविवारच्या गर्दीत दुपारी दोनलाच संपायचा. पावसाळ्यात पर्यटकांचा पूर लोटायच्या आत पेटी दारात हवी, असं तिचं गणित होतं. एजंट सांगायचा, की एवढ्या नेमानं भरणारं दुसरं गिऱ्हाईक त्याच्याकडं नाही. सोमवारी गिऱ्हाईक नसलं तरी ती वीस का होईना द्यायची.

मी तिच्या फळीवर पत्रकाचा कच्चा कागद ठेवला. तिनं हात पदराला पुसून तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवत बराच वेळ बघितला. मी घाम पुसत उभी होते.

"समजलं का, ताई?"

"व्हय म्याडम. समदं समजलं. लय सोपं लिवलंय तुमी."

आणि मला ताकाचा पेला दिला, पैसे घेतले नाहीत. मी अजून तीन बायकांना विचारलं, त्याही 'व्हय' म्हणाल्या. परतीच्या गाडीत मी खूश होते. एवढं सोपं जमलं म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

तेव्हा मला हे कळलं नव्हतं, की बँकेतली बाई एवढ्या उन्हात चढून आल्यावर तिला 'न्हाई समजलं' म्हणणं त्यांच्यात बसत नाही. घरी आलेल्याच्या हातचा कागद नीट नाही असं कसं म्हणायचं? ती बाई मुलीच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकावरून मोठेपणी वाचायला शिकली होती. मोठी अक्षरं ती वाचायची, बारीक अक्षरांनी तिचे डोळे पाण्यानं भरायचे. हे मला नंतर समजलं. मी तिला 'समजलं का' विचारलं. 'काय समजलं' हे विचारलं नाही. एकवीस वर्षं पैसे मोजून घेणाऱ्या बाईनं हे मोजलं नाही.

छापखान्यानं प्रश्न लाल आणि ठसठशीत केले, उत्तरं खाली बारीक काळी. मीच सांगितलं होतं, प्रश्न उठून दिसू देत.

पत्रकं वाटून पाचवा दिवस. कामशेतचा बाजार होता. मी दहाला शटरपाशी पोहोचले तर पायऱ्यांवर अकरा बायका उभ्या होत्या, सगळ्या भाजे-मळवलीकडच्या, हातात पासबुकं. पुढं ताकवाली. अशी रांग मी आधी पाहिली होती, वडिलांच्या मागं उभं राहून.

"काय झालं, ताई?"

तिनं पत्रक पुढं केलं, सातव्या प्रश्नावर अंगठा ठेवून. "हितं लिवलंय न्हवं. ब्यांक बंद पडनार हाय म्हून. तुमीच लिवलं आनि तुमीच इचारता?"

बचत गटातल्या कुणाच्या तरी मुलानं त्या पानाचा फोटो काढून फोनवर टाकला होता. फोटोत लाल अक्षरं तेवढी वाचता येत होती. खालची बारीक अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. बँकेनं स्वतःच छापून कळवलंय, बंद पडायच्या आत काढून घ्या, असं त्यांनी त्यातून घेतलं. आणि त्यांचं काय चुकलं? मी मोठ्या अक्षरात भीती लिहिली होती आणि दिलासा बारीक.

शटर उघडलं. बायका आत आल्या आणि काउंटरपुढं उभ्या राहिल्या. बाजाराला आलेली माणसं बाहेरून डोकावायला लागली. भाताचे एक व्यापारी, ज्यांचं मोठं खातं आमच्याकडं होतं, ते दारातच थांबले आणि विचारलं, "काय गडबड आहे?" "काही नाही," मी म्हटलं. ते गेले नाहीत. रांग बघून रांग वाढते, हे सहकारी बँकेत झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं.

शाखाधिकारी केबिनमधून बाहेर आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला बाजूला घेऊन, ओठ न हलवता म्हणाले, "तुम्हाला मी सांगितलं होतं." मग आत जाऊन त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला, की गरज पडली तर रोकड पाठवा. केबिनचं दार त्यांनी लावून घेतलं. बाहेरच्यांना दार लावलेलं तेवढं दिसलं.

नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती सगळ्यात मोठी नव्हती. मोठी भीती समोर उभी होती, पासबुक घेऊन. मी तिचं खातं संगणकावर उघडलं. एकवीस हजार चारशे भरलेले. सहा महिने पुरे व्हायला सोळा दिवस कमी. आज मोडलं तर सहाशे बेचाळीस रुपये कापले जाणार, व्याज काही नाही. सोळा दिवसांनी आली तर छदाम कापला जाणार नाही, वर शे-सव्वाशे व्याज. जावेचे दोनशे दहा तिच्या अडाणीपणामुळं गेले असं आम्ही म्हणू शकलो होतो. हिचे सहाशे बेचाळीस माझ्या शहाणपणामुळं जाणार होते.

मी उठून काउंटरच्या बाहेर आले. नियमात ते बसत नाही. तिच्याशेजारी उभं राहून मी सातव्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग साध्या भाषेत सांगितलं, की बँक बंद पडणार नाही, तसं काही नाही. पण समजा उद्या काही झालंच, तरी तुमचे एकवीस हजार विम्यात आहेत, ते बुडत नाहीत. फक्त मिळायला वेळ लागू शकतो. आणि आज मोडलं तर सहाशे बेचाळीस जातील.

"किती येळ लागंल?"

"कायद्यानं नव्वद दिवस."

नव्वद हा आकडा सांगायला नको होता असं मला वाटलं, पण खरं होतं, म्हणून सांगितला. मागं कुजबुज झाली. ती मात्र माझ्याकडंच बघत होती. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. माझ्या सात प्रश्नांत तो नव्हता.

"म्याडम, तुमचं सोताचं पैसं हितंच हायती का?"

व्यापारी दारात, बाकीच्या दहाजणी, शेजारचा कॅशिअर, सगळे माझ्याकडं बघत होते.

आमच्या बँकेत कर्मचाऱ्यांना ठेवीवर एक टक्का जास्त व्याज मिळतं. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांच्या ठेवी इथंच आहेत. माझी नव्हती. माझा पगार इथं जमा व्हायचा आणि पुढच्या आठवड्यात मी त्यातली शिल्लक लोणावळ्यातल्या एका सरकारी बँकेत हलवायची. माझी एकुलती एक ठेव, सव्वाचार लाख, तिथं होती. मला विमा माहीत होता, नियम माहीत होते, आमच्या बँकेचा ताळेबंद मी दरवर्षी वाचत होते आणि तो चांगला होता. पण वडिलांचं ते शटर माझ्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. एकवीस वर्षं मी लोकांना इथं पैसे ठेवा म्हणून अर्ज भरून देत होते आणि स्वतः ठेवत नव्हते. हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "इथंच आहेत."

तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पासबुक पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड पिळून ती काखेत मारली. "मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. मागं वळून बाकीच्यांना म्हणाली, "चला गं. म्याडमचं बी हितंच हाय. त्येंचं बुडंल तवा आपलं बुडंल."

नऊजणी तिच्याबरोबर गेल्या. एकीनं ऐकलं नाही, तिनं खातं मोडलं आणि शंभरामागे तीन रुपये सोडून गेली. व्यापारी चहा प्यायला आत आले. शाखाधिकाऱ्यांनी दार उघडलं आणि मला म्हणाले, "शाब्बास." तो शब्द मला तिथून पुढं फार दिवस टोचला.

त्यानंतरचे सोळा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बँकेला काही होणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी रोज सकाळी कामशेतला उतरताना आधी शटर बघायची. उघडं दिसलं की श्वास सोडायची. मुख्य कार्यालयातून दोन तपासनीस दोन दिवसांसाठी आले, ते दरवर्षीच येतात, पण मला ते दोन्ही दिवस जेवण गेलं नाही. पेपरात कुठल्या तरी दूरच्या बँकेवर निर्बंध आल्याची बातमी आली, ती मी वाचली आणि पेपर घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला, जणू तिच्यापर्यंत ती पोहोचायला तोच एक कागद होता. एजंट संध्याकाळी हिशेब द्यायला आला की मी सहज विचारल्यासारखं विचारायची, "भाज्याच्या ताई भरतात ना?" तो म्हणायचा, "भरत्यात की. आता तर दीडशे भरत्यात." दीडशे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटायचं नाही. आधी ती एजंटच्या भरवशावर भरत होती. आता माझ्या.

सतराव्या दिवशी मी मळवलीला उतरून तिच्याकडं गेले. सोबत पत्रकाची नवी प्रत होती. या वेळी सगळी अक्षरं एकाच आकाराची, सगळी मोठी. त्यासाठी अर्धा मजकूर काढला होता. सातवा प्रश्न प्रश्न राहिला नव्हता. तिथं सरळ लिहिलं होतं: 'तुमच्या पैशाला पाच लाखांपर्यंत विमा आहे.' खाली तपशील.

मी तिला म्हटलं, "ताई, सहा महिने झाले. आता मोडलं तरी काही कापणार नाही. मोडायचं का?"

मला मनातून वाटत होतं, तिनं मोडावं. पैसे घ्यावेत, पेटीचं निम्मं तरी होईल, बाकीचं हप्त्यानं. माझ्या मानेवरचं ओझं उतरेल.

"कशाला? आता वरीस पुरं करते की. साडेतीन टक्के हाय न्हवं. पेटी पुढल्या साली घीन. यंदा बर्फावर काढीन." ती हसली. "तुमचं ऱ्हातंय तवर माजं बी ऱ्हाऊ द्या."

मी पत्रक पुढं केलं. या वेळी 'समजलं का' विचारलं नाही. "हे वाचा आणि मला सांगा. मी काही माहीत नसलेली बाई आहे असं समजा. मला खातं काढायचंय."

ती आधी लाजली, मग रंगात आली. पदर खोचून फळीवर कोपरं टेकली आणि मला शिकवायला लागली. "हे बग बाई. रोज जमंल तेवढं भरायचं. पावती घ्यायचीच, न्हाई दिली तर पैसं द्यायचं न्हाई. सा म्हयन्याच्या आत मोडलं तर शंभराला तीन कापत्यात, आनि याज बी न्हाई. का कापत्यात? तर ते भाऊ रोज उन्हात येत्यात, त्येंची मजुरी त्यातनं जाती. सा म्हयन्यावर मोडलं तर कापत न्हाईत, पर याज दोनच टक्के. वरीस ठेवलं तर साडेतीन. आनि पाच लाखापत्तुर इमा हाय, हप्ता ब्यांक भरती." मग तिनं कागदावर बोटानं खालची मोकळी जागा दाखवली. "आनि हितं एक लिवायचं ऱ्हायलंय."

"काय?"

"की ह्या म्याडमचं पैसं बी हितंच हायती. ते लिवा. बाकीचं कुनी वाचू न वाचू, त्ये वाचत्यात."

एवढ्या सगळ्या अटींतली एकही तिनं चुकवली नव्हती. कागदात चुकीचं होतं ते एकच, आणि ते कागदावर नव्हतं. मला तिथं, पायऱ्यांवर, एवढ्या उजेडात, आयुष्यात वाटली नव्हती तेवढी भीती वाटली. खरं सांगावं असं अगदी जिभेवर आलं. पण खरं सांगितलं असतं तर ती उद्या पहिल्या गाडीनं येऊन पैसे काढून नेणार, तिच्या मागं नऊजणी येणार, आणि पुन्हा जन्मात कुठल्या बँकेची पायरी चढणार नाहीत. खोटं राहू दिलं तर ते रोज दीडशे रुपयांनी वाढत जाणार. तिनं ताकाचा पेला पुढं केला. मी त्या दिवशी पैसे दिले, तिनं नको म्हटलं तरी दिले.

सोमवारी मी रजा टाकली आणि लोणावळ्यातल्या त्या सरकारी बँकेत गेले. मुदत ठेवीची पावती पुढं ठेवली. काउंटरवर माझ्याच वयाची बाई होती. तिनं चष्म्यावरून बघितलं. "मुदतीला सात महिने आहेत अजून. आत्ता मोडलीत तर जितके दिवस ठेव राहिली तितक्या दिवसांचाच दर लागेल, त्यातूनही एक टक्का कमी होईल. बरंच नुकसान आहे. काही अडचण आहे का घरी?"

"नाही. एका बाईला शब्द देऊन बसलेय."

तिला काही कळलं नाही. तिनं अर्ज पुढं सरकवला आणि सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारली. सहीच्या वर बारीक अक्षरात पाच-सहा ओळी होत्या आणि शेवटी 'वरील अटी वाचल्या व समजल्या'.

"समजलं ना, मॅडम?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि न वाचता सही केली.

दुपारच्या लोकलनं पैसे आमच्या शाखेत आणले. म्हणजे पैसे खात्यातून खात्यातच आले, पिशवीत त्याचा कागद तेवढा, पण मला ती पिशवी छातीशी धरावीशी वाटत होती. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांच्या आत राहील एवढीच ठेव केली, तेवढी भित्री मी अजून आहे. कॅशिअरनं पावती हातात दिली तेव्हा संगणकावर तारीख उमटली होती, आजची. मी ती तारीख बघत राहिले. तिनं विचारलं त्या दिवसापासून तीन आठवडे उशिराची होती. ती पावती मी अजून तिला दाखवलेली नाही, कारण तिला अक्षरं वाचता येतात, आणि मोठ्या अक्षरात छापलेली तारीख तर येतेच येते.